अल्पमतातल्या शेअरहोल्डरने बोर्डाला हिशेब आणि रजिस्टर दाखवा म्हणून पत्र लिहायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात धरमपेठेत एका कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम करतो. घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत थोडेसे शेअर आहेत पण आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही, अशी माणसं महिन्यात दोनतीन तरी येतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा लिहूनच टाकलं. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, कळमन्याकडे डाळ मिल असलेल्या एका घरच्या कंपनीचं. ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत. एकूण १०,००० शेअर, प्रत्येकी १०० रुपयांचा, सभासद सात. वडील गेल्यावर त्यांचे ९०० शेअर मुलीच्या नावावर आले, म्हणजे ९ टक्के. मोठे काका मॅनेजिंग डायरेक्टर, चुलतभाऊ डायरेक्टर. तिला इथे आपण ताई म्हणू.

मी कंपनीचा मालकच आहे ना थोडाफार, मग वह्या बघायला परवानगी कशाला मागू?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. शेअर तुमचा आहे, कंपनीच्या वह्या कंपनीच्या आहेत. कंपनी कायदा २०१३ मधे काही रजिस्टर सभासदाला बघायचा सरळ हक्क दिलाय, तिथे परवानगीचा प्रश्नच नाही, फक्त कळवून जायचं. पण हिशेबाच्या वह्या, म्हणजे लेजर, कॅश बुक, व्हाउचर, बँक बुक, या कलम १२८ प्रमाणे डायरेक्टर बघू शकतो, साध्या सभासदाला तो हक्क नाही. त्यासाठी बोर्डाने हो म्हणावं लागतं किंवा जनरल मीटिंगमधे तसा ठराव व्हावा लागतो.

म्हणून पत्रात दोन वेगळे भाग हवेत. पहिला भाग हक्काचा, दुसरा विनंतीचा. लोक काय करतात, एकाच दमात "सगळे रजिस्टर, सगळे हिशेब, बोर्डाचे मिनिट्स, बँक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न दाखवा" असं लिहून मोकळे होतात, मग समोरचा वकील दोन ओळीत उत्तर देतो की आपल्याला असा कोणताही हक्क नाही, आणि त्यात जे हक्काचं होतं तेही बुडतं.

मग हक्काचं नेमकं काय काय?

कलम ९४ खाली सभासदांचं रजिस्टर आणि कंपनीचे वार्षिक रिटर्न, हे सभासदाला कामाच्या वेळेत फुकट बघता येतात. कलम ११९ खाली जनरल मीटिंगच्या मिनिट्सचं बुक, तेही फुकट. कलम १८९ चं काँट्रॅक्टचं रजिस्टर, म्हणजे डायरेक्टरांचा हितसंबंध असलेले व्यवहार ज्यात लिहितात ते, एमबीपी-४ नावाचं. कलम १७० चं डायरेक्टर आणि त्यांच्या शेअरचं रजिस्टर. कलम ८५ चं चार्जचं रजिस्टर, म्हणजे बँकेकडे काय गहाण आहे ते. आणि कलम १८६ चं, कंपनीने कोणाला कर्ज किंवा गॅरंटी दिली त्याचं.

यातलं सभासदांचं रजिस्टर, मिनिट्सचं बुक आणि काँट्रॅक्टचं रजिस्टर ही तीन सोन्यासारखी आहेत. घरच्या कंपनीत गडबड असेल तर बहुतेक वेळा तिचा माग या तीन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की लागतो, लेजरपर्यंत जावंच लागत नाही. पुढे ताईच्या उदाहरणात दिसेल.

सभासदांच्या रजिस्टरमधले इतरांचे पत्ते, ईमेल, पॅन हे मात्र झाकून दाखवतील, नियमच तसा आहे, त्यावर भांडत बसू नका. तुम्हाला नाव, शेअर किती आणि कोणत्या तारखेला आले एवढंच हवंय.

बोर्ड मीटिंगचे मिनिट्स?

नाही. ते डायरेक्टरसाठी. पत्रात लिहूच नका, उगाच पत्र कमजोर होतं.

आम्हाला तर ताळेबंदच मिळत नाही, रजिस्टरचं काय घेऊन बसलात!

ताळेबंद, नफातोटा पत्रक, ऑडिट रिपोर्ट हे कलम १३६ प्रमाणे सभासदाला जनरल मीटिंगच्या आधी मिळायलाच पाहिजेत, साधारण २१ दिवस आधी. तरी तुम्ही त्यांच्या भरवशावर थांबू नका. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर लॉगिन करून 'View Public Documents' मधे १०० रुपये भरले की त्या कंपनीचे फाइल झालेले कागद बघता आणि डाउनलोड करता येतात. AOC-4 मधे हिशेब असतात, MGT-7 किंवा छोट्या कंपनीच्या MGT-7A मधे वार्षिक रिटर्न.

पत्र लिहायच्या आधी हे करणं मी सक्तीचं समजतो, कारण मग पत्रात "मला संशय आहे" असं न लिहिता "३१ मार्चच्या हिशेबात गोडाऊन भाडं आधीच्या वर्षी ६ लाख होतं ते १८ लाख झालंय" असं लिहिता येतं. ताईच्या कंपनीत हेच होतं. उलाढाल जवळपास तेवढीच, भाडं तिप्पट, आणि रिलेटेड पार्टीच्या नोटमधे चुलतभावाच्या बायकोचं नाव. बाप्पा, १०० रुपयात एवढं कळलं.

आणखी एक कागद आधी मिळवा, कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची स्वतःची नियमावली. जुन्या कंपनीचे पोर्टलवर कधी अर्धवट स्कॅन केलेले असतात, तर कंपनीकडे मागा, कलम १७ प्रमाणे सभासदाने फी भरून मागितले की ७ दिवसात द्यावे लागतात. त्यात 'अकाउंट्स' या शीर्षकाखाली बघा. बऱ्याच कंपन्यांनी टेबल एफ, म्हणजे कायद्यातलीच नमुना नियमावली, जसंच्या तसं उचललेलं असतं आणि त्यात लिहिलंय की सभासदांना हिशेब कधी, कुठे आणि कोणत्या अटींवर दाखवायचे ते बोर्ड ठरवेल. लोक हे वाचून निराश होतात, पण ते उलटं वाचा: बोर्डाला दाखवायचा अधिकार आहे, म्हणजे "कायद्याने आम्हाला दाखवता येत नाही" हे उत्तर चालणार नाही, त्यांना विचार करून निर्णयच द्यावा लागेल.

माझं नाव रजिस्टरमधे नसेल तर?

तर आधी ते करून घ्या. वडिलांचे शेअर वारसाने आपोआप तुमच्या नावावर होत नाहीत, ट्रान्समिशनचा अर्ज द्यावा लागतो. ताईचं दोन वर्षं आधी झालं होतं म्हणून पुढचं सगळं जमलं. शेअर डीमॅटमधे असतील तर डिपॉझिटरीच्या यादीतलं नाव चालतं.

बोर्ड म्हणजे माझे काकाच आहेत, त्यांना असं कायदेशीर पत्र पाठवायचं म्हणजे घरात युद्धच ना?

हा प्रश्न सगळे विचारतात, फक्त सगळ्यात शेवटी, उठता उठता. ताईने पण विचारला होता. मी सांगतो ते असं की पत्र 'आदरणीय काका' असं सुरू करायचंच नाही, पत्र 'संचालक मंडळास' असतं, आणि त्यात घरचा एक शब्द नको. दिवाळीला कोण आलं नाही, वडिलांनी मिल कशी उभी केली, काही नाही. ते मनात आहे ते फोनवर बोला, पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करा की काका, मी शेअरहोल्डर म्हणून एक पत्र पाठवून राहिली, राग मानू नका. ताईने असाच फोन केला. काका म्हणाले "पाठव न, तुझा हक्कच आहे", आणि नंतर सहा आठवडे बोलले नाहीत. पण पत्रात एकही वाक्य असं नव्हतं की ज्यावर बोट ठेवून ते म्हणतील, ही भांडायलाच आली.

पत्राचा नमुना द्या ना

हा घ्या, ताईचाच, थोडा कापलेला:

> प्रति, संचालक मंडळ, (कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता)
>
> विषय: वैधानिक रजिस्टरची पाहणी आणि हिशेबाच्या ठरावीक वह्या पाहण्यास परवानगी मिळणेबाबत
>
> मी आपल्या कंपनीची सभासद असून माझ्या नावावर फोलिओ क्र. ___ मधे ९०० इक्विटी शेअर आहेत.
>
> भाग १. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९४, ११९ व १८९ नुसार मी सभासदांचे रजिस्टर, मागील तीन वर्षांचे वार्षिक रिटर्न, त्याच काळातील सर्वसाधारण सभांच्या मिनिट्सचे बुक आणि काँट्रॅक्टचे रजिस्टर पाहण्यासाठी दि. ___ रोजी सकाळी ११ ते १ या वेळेत नोंदणीकृत कार्यालयात येत आहे. ही वेळ सोयीची नसल्यास त्या तारखेपासून सात दिवसांतील दुसरी वेळ कळवावी. मी नोंदी उतरवून घेईन. ज्या पानांच्या प्रती लागतील त्यांची आर्टिकल्सप्रमाणे फी भरेन.
>
> भाग २. याशिवाय पुढील तीन खाती पाहण्यास मंडळाने परवानगी द्यावी अशी विनंती आहे: गोडाऊन भाडे, विक्री कमिशन, संचालकांकडील उचल. कालावधी मागील दोन आर्थिक वर्षे. कारण: छापील हिशेबानुसार गोडाऊन भाडे ६ लाखांवरून १८ लाख झाले असून त्याचा खुलासा नोट्समधे नाही. माझ्यासोबत चार्टर्ड अकाउंटंट असतील, त्यांचे अधिकारपत्र जोडले आहे. माहिती गुप्त ठेवण्याचे लेखी हमीपत्र मी व ते दोघेही देऊ. मंडळाने ही विनंती पुढील बैठकीत ठेवून निर्णय कारणासह लेखी कळवावा.
>
> भाग २ वरील निर्णय प्रलंबित असला तरी भाग १ ची पाहणी ठरलेल्या दिवशी व्हावी.

शेवटचं वाक्य काढू नका. त्याच्यासाठीच सगळा खटाटोप आहे, नाहीतर "मंडळाच्या बैठकीत ठरवू" म्हणून दोन्ही भाग एकाच गाठोड्यात बांधून ठेवतात.

दुसऱ्या भागात खाती मोजकी मागायची. "सर्व हिशेब" मागितले तर नकार योग्यच वाटतो, तीन खाती मागितली आणि छापील आकड्याशी जोडून कारण दिलं तर नकार देणारा माणूसच अडचणीत दिसतो, आणि पुढे कुठे दाद मागायची वेळ आली तर हेच पत्र सगळ्यात आधी वाचलं जातं.

पत्र कुठे आणि कसं पाठवायचं?

नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, जो एमसीए पोर्टलवर दिसतो तोच. मिलच्या पत्त्यावर नाही. ताईच्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय कागदोपत्री अजून इतवारीतलं जुनं दुकान होतं जिथे आता दिवसातून एकदा कुलूप उघडतात, तरी पत्र तिथेच गेलं पाहिजे. स्पीड पोस्टने, पोचपावतीसकट, आणि त्याच दिवशी कंपनीच्या नोंदवलेल्या ईमेलवर स्कॅन. आम्ही सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून टाकतो आणि ट्रॅकिंगचं पान छापून फाइलला लावतो. व्हॉट्सअॅपवर पाठवून दोन निळ्या टिकांवर विसंबणारे आहेत, त्यांनी तसं करू नये.

तिथे गेल्यावर किती वेळ मिळतो, मोबाइलने फोटो काढता येतात का?

बोर्ड वेळ ठरवू शकतं पण कामाच्या दिवशी दोन तासांपेक्षा कमी नाही. नोंदी स्वतः उतरवून घ्यायला पैसे नाहीत. प्रत हवी तर पानाला जास्तीत जास्त १० रुपये. रजिस्टरची प्रत फी भरल्यापासून ७ दिवसात मिळायला हवी. जनरल मीटिंगच्या मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या मिनिट्सची सॉफ्ट कॉपी मागितली तर ती फुकट द्यावी लागते, हे बऱ्याच कंपन्यांना माहीत पण नसतं.

फोटोचं कायद्यात सरळ लिहिलेलं नाही, 'उतारे घेणं' एवढंच आहे. समोरचा नाही म्हणाला तर तिथे वाद घालून दोन तासातला अर्धा तास घालवू नका, वही पेन काढा. सोबत सीए नेण्याचंही तसंच, म्हणून आधीच पत्रात लिहून अधिकारपत्र जोडायचं. ऐनवेळी अडवलं तर त्याला बाहेर बसवा आणि तुम्ही बघा.

आणि निघताना एक पानाची नोंद करून दोघांच्या सह्या घ्या: कोणती रजिस्टर दाखवली, कोणती नाही, किती ते किती. सही नाही दिली तर घरी पोचायच्या आत तेच ईमेल करा.

ताईला शेवटी काय सापडलं?

पहिल्या दिवशी इतवारीत कुलूप. म्हणजे खरंच कुलूप, ती आणि सीए साहेब बाहेर उन्हात उभे. तिथूनच तारीख वेळ टाकून ईमेल केला, बंद शटरचा फोटो जोडून. चौथ्या दिवशी नवीन वेळ मिळाली.

सभासदांच्या रजिस्टरमधे चुलतभावाच्या नावापुढे २,००० नवे शेअर दिसले, सहा महिन्यांपूर्वी दिलेले, दर्शनी किमतीला म्हणजे १०० रुपयाला. वार्षिक रिटर्नमधे हे नव्हतं कारण तो ३१ मार्चचा, शेअर नंतरचे. पोर्टलवर PAS-3 मधे, म्हणजे नवे शेअर दिल्याचं कळवायच्या फॉर्ममधे होतं, ते आमच्याच ऑफिसने आधी बघायला हवं होतं, आमची चूक.

आता हिशेब करा. एकूण शेअर १२,०००, ताईचे ९०० म्हणजे ९ वरून साडेसात टक्के. कंपनीची नेटवर्थ ३ कोटी २० लाख, म्हणजे वाटपाआधी एक शेअर ३,२०० रुपयांचा. ताईचा वाटा होता २८ लाख ८० हजारांचा. चुलतभावाने फक्त २ लाख घातले, नेटवर्थ झाली ३ कोटी २२ लाख, त्याचे साडेसात टक्के २४ लाख १५ हजार. साडेचार लाखाच्या वर रक्कम एका सहीने सरकली.

मग मिनिट्सचं बुक उघडलं आणि खरी गंमत तिथे होती. एकाच माणसाला नवे शेअर द्यायचे तर जनरल मीटिंगमधे विशेष ठराव लागतो. बुकात त्या काळात एकही जनरल मीटिंग नाही. मग कंपनीकडे एकच बचाव राहतो की हा राइट्स इश्यू होता, पण राइट्स इश्यूमधे प्रत्येक सभासदाला त्याच्या प्रमाणात ऑफर लेटर पाठवावं लागतं, आणि ताईला कोणतंही लेटर आलेलं नव्हतं. म्हणजे बुकात जे नाही त्यानेच काम केलं. लेजर न उघडता.

काँट्रॅक्टच्या रजिस्टरमधे १८ लाखांच्या भाड्याची नोंदच नव्हती. यावर कंपनी म्हणू शकते की व्यवहार बाजारभावाने आणि नेहमीच्या धंद्यातला आहे म्हणून नोंदला नाही, तेवढी पळवाट आहे, पण मग बाजारभावाचा पुरावा त्यांनी दाखवायचा.

दाखवायलाच नकार दिला तर?

आधी बघा नकार कशाला आहे. दुसऱ्या भागाला असेल तर तो लगेच बेकायदा ठरत नाही. पहिल्या भागाला असेल तर कलम ९४ खाली कंपनीला आणि दोषी अधिकाऱ्याला दिवसाला १,००० रुपये दंड, जास्तीत जास्त १ लाख. मिनिट्स नाकारले तर कंपनीला २५,००० आणि अधिकाऱ्याला ५,०००, प्रत्येक नकाराला. तक्रार कंपनी रजिस्ट्रारकडे करायची, सोबत पत्र, ट्रॅकिंग, शटरचा फोटो, ईमेल. दंडाने तुम्हाला वही दिसत नाही हे खरंय, त्यासाठी वेगळा आदेश मागावा लागतो: सभासदांच्या रजिस्टरसाठी केंद्र सरकारकडे, मिनिट्ससाठी एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांच्या ट्रिब्युनलकडे. महाराष्ट्रासाठी एनसीएलटीचं मुंबई बेंच आहे, म्हणजे नागपूरकरांना तिथलाच रस्ता. प्रत्यक्षात रजिस्ट्रारचं पत्र पोचलं की बहुतेक कंपन्या वह्या काढतात.

"रजिस्टर सध्या बंद आहे" हे कारणही ऐकायला मिळतं. रजिस्टर बंद ठेवता येतं, पण आधी किमान ७ दिवसांची नोटीस देऊन, एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त नाही आणि वर्षात ४५ च्या वर नाही. नोटीस कुठे आहे ते विचारा.

माझ्याकडे १० टक्के नाहीत, ट्रिब्युनलमधे जाताच येत नाही ना?

हे तर वकील मंडळींकडूनही चुकीचं ऐकलंय मी. अन्याय आणि गैरव्यवस्थापनाचा अर्ज, कलम २४१ चा, तो करायला कलम २४४ मधे दोन वेगळे दरवाजे आहेत. एक म्हणजे भांडवलाचा दहावा हिस्सा. दुसरा म्हणजे १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, यातलं जे कमी ते. ताईच्या कंपनीत सभासद सात, सातचा दहावा हिस्सा एकापेक्षाही कमी, म्हणजे ती एकटी पात्र आहे, शेअर साडेसात टक्के असोत की अर्धा टक्का. दहापर्यंत सभासद असलेल्या घरच्या कंपनीत हे प्रत्येकाला लागू. फक्त तुमच्या शेअरवर कंपनीचं काही देणं बाकी नको.

जनरल मीटिंग बोलवायची मागणी मात्र फक्त भांडवलावर मोजतात, तिथे दहावा हिस्सा लागतोच. ताईच्या धाकट्या आत्याचे ४०० शेअर होते, दोघींचे मिळून १,३००, म्हणजे १२,००० च्या १० टक्क्यांच्या थोडे वर. आत्याने सही द्यायला तीन आठवडे घेतले, तो भाग कायद्याचा नाही.

आणि दुसऱ्या भागाचं, हिशेबाच्या वह्यांचं काय झालं?

सव्विसाव्या दिवशी बोर्डाचं उत्तर आलं. भाडं आणि कमिशन ही दोन खाती दाखवू, उचलीचं खातं नाही, सीए चालतील, हमीपत्र आधी द्या, प्रती मिळणार नाहीत, दोन बैठका. ताईला वाटलं अर्धंच मिळालं, मी म्हटलं घ्या. कमिशनमधे काही निघालं नाही, अगदी स्वच्छ होतं, हेही सांगितलं पाहिजे. भाड्याचा करारनामा मात्र ज्या तारखेचा दाखवला त्याच्या चार महिने आधीपासून वाढीव भाडं दिलेलं होतं.

त्यानंतर काकांचा फोन आला, पहिला, सहा आठवड्यांनी. २,००० शेअर कसे परत घ्यायचे किंवा सगळ्यांना त्याच भावाने कसे द्यायचे यावर आता दोन्हीकडचे सीए बसून राहिलेत, आणि कलम २४१ चा अर्ज टाइप होऊन आमच्या कपाटात आहे.